AN म्हणजे सकाळ नव्हे

«गेटच्या हॉल तिकिटावर 07/02/2026, AN आहे. सकाळी जायचं ना? की जुलैत पेपर?»

नाही रे बाबा, दुपारी! AN म्हणजे आफ्टरनून, दुपारचं सत्र, 2:30 ते 5:30. घाईत ते AM वाटतं, घात तिथेच होतो. सकाळच्या सत्राला FN लिहितात, 9:30 ते 12:30.

तारखेत आधी दिवस, मग महिना: 7 फेब्रुवारी. खात्रीसाठी वार बघ. 7 फेब्रुवारीला शनिवार येतो, 2 जुलैला गुरुवार. 2026 ची गेट फक्त फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारी आहे.

मडगावहून पणजीला येणार असशील, तर 2:30 ही पेपर सुरू व्हायची वेळ आहे, पोचायची नव्हे. हजेरीची वेळ तिकिटावर वेगळी छापलेली असते. बस त्या हिशेबाने पकड.