मदत हवी आहे: शेंगतेलाचा साबण हाताला झोंबतोय आणि खोबरेलाचा मिठानं सुटतच नाही

पलूसची_मास्तरीण
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते, यंदा पहिलंच वर्ष आहे. शनिवारी वर्गात साबणाचा प्रयोग करून दाखवला आणि दोन्ही बीकर फसले, तेही दोन वेगळ्या तऱ्हेनं.

एका बीकरमध्ये २५ मिली शेंगतेल घेतलं, गावच्या घाण्यावरचं. दुसऱ्यात २५ मिली खोबरेल. दोन्हींत २० टक्के कॉस्टिकचं द्रावण ३० मिली. हे द्रावण २० ग्रॅम कॉस्टिकमध्ये पाणी घालून १०० मिली केलेलं होतं. स्पिरिटच्या दिव्यावर जाळी ठेवून साधारण १५ मिनिटं ढवळत तापवलं. घट्ट व्हायला लागलं म्हणून दोन्हींत ५० मिली गरम पाणी घातलं आणि मग ५-५ ग्रॅम मीठ.

शेंगतेलाच्या बीकरमध्ये वर दह्यासारखा थर आला, पोरं खूश. तो काढून वड्या पाडल्या. सोमवारी एका मुलीनं मला न विचारता त्यानं हात धुतले, तर तळवे लाल झाले. लगेच नळाखाली हात धरायला लावला, संध्याकाळपर्यंत बरी झाली, पण माझा जीव टांगणीला लागला होता. खोबरेलाच्या बीकरमध्ये मात्र काहीच वर आलं नाही, नुसती पांढरट पेज.

मला न उलगडलेली गोष्ट अशी, की ती शेंगतेलाची वडी हाताला तेलकटही लागते आणि झोंबतेही. तेल उरलं असेल तर कॉस्टिक संपलं असणार ना? दोन्ही एकदम कसं उरेल?

जतचा_गडी
मॅडम, खोबरेलाची रिॲक्शनच झालेली नाही. साबण झाला असता तर मिठानं सुटला असताच. आणि वडीत कॉस्टिक उरलंय का हे बघायचं तर सोपं आहे, पाण्यात विरघळवून तांबडा लिटमस बुडवा. निळा झाला की समजायचं कॉस्टिक आहे. हात भाजला तर वर लिंबू पिळायचं, अल्क मारलं जातं.

बचतगट_ताई
ताई, तुम्ही एवढा ताप कशाला घेता? आमचा गट दोन वर्षं साबण करतो. तयार सोप बेस आणायचा, वितळवायचा, कडुनिंब-हळद घालायची, साच्यात ओतायचं. कॉस्टिकला हातच लावायचा नाही. रंग कुठला घातला होता तुम्ही?

पलूसची_मास्तरीण
ताई, पोरांना अभिक्रियाच दाखवायची आहे हो, वितळवण्यात ती कुठे दिसणार 🙂 रंग घातलाच नव्हता.

कराडचा_म्हातारा
मी ३१ वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, त्यामुळे हे दोन्ही बीकर मला ओळखीचे आहेत. आधी हिशोब करू, कारण निम्मं उत्तर तिथंच आहे.

(RCOO)₃C₃H₅ + 3NaOH → 3RCOONa + C₃H₅(OH)₃

तेलाच्या एका रेणूला कॉस्टिकचे तीन लागतात, त्यातून साबण आणि ग्लिसरीन होतं. पण प्रत्येक तेलाला लागणारं कॉस्टिक वेगळं. २५ मिली शेंगतेल म्हणजे सुमारे २३ ग्रॅम, आणि एका ग्रॅमला साधारण ०.१३६ ग्रॅम कॉस्टिक लागतं. म्हणजे सगळं मिळून ३.१ ग्रॅम. खोबरेलातली मेदाम्लं लहान साखळीची, म्हणून तेवढ्याच वजनात रेणू जास्त. तिथं ग्रॅमला ०.१८३, म्हणजे ४.२ ग्रॅम. तुम्ही दोन्हीकडे घातलंत ६ ग्रॅम. अभिक्रिया शंभर टक्के झाली असती तरी शेंगतेलाच्या बीकरमध्ये २.९ ग्रॅम कॉस्टिक मोकळं राहिलं असतं, जवळजवळ निम्मं.

हे माप तुमची चूक नाही. शाळेत हे असंच सांगितलं जातं, कारण तासिकेच्या वेळात घट्टपणा दिसावा म्हणून कॉस्टिक सढळ घ्यायचं. दाखवायला ठीक, हात धुवायला नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, दोघांची गाठ फक्त सीमेवर पडते. सुरुवातीला काम कूर्मगतीनं चालतं. थोडा साबण झाला की तोच तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात धरून ठेवतो आणि मग वेग येतो. १५ मिनिटांत तुमचं शेंगतेल घट्ट झालं, पण घट्ट होणं म्हणजे संपणं नव्हे. तेलाचे थेंब साबणात अडकून राहिले, कॉस्टिक पाण्यात राहिलं, आणि वडी पाडताना दोघंही शेजारी शेजारी आत गेले. म्हणून तेलकट आणि झोंबरा, दोन्ही.

संपलं की नाही ते असं बघायचं. काडीच्या टोकावर थोडा लगदा घेऊन परीक्षानळीतल्या गरम ऊर्ध्वपातित पाण्यात हलवा आणि दोन मिनिटं उभं ठेवा. वर तेलाचे डोळे तरंगले तर अजून तापवायचं. बोअरचं पाणी इथं नको, त्यातल्या कॅल्शियमनं साका धरतो आणि काही कळत नाही.

जतचा_गडी
सर, पण मग खोबरेल? तिथं तर डोळेही दिसले नसणार.

कराडचा_म्हातारा
नसतीलच, कारण खोबरेल शेंगतेलाच्या आधी संपतं. तुमचं गणित उलटं झालंय. तिथं साबण झालाय, पण खाली बसलेल्या पोरासारखा उठायला तयार नाही. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही विरघळून राहतो. समुद्राच्या पाण्यात चालणारा खलाशांचा साबण खोबरेलाचा करत तो याचसाठी. मॅडमनी ५० मिली पाणी वाढवलं आणि ५ ग्रॅम मीठ घातलं, म्हणजे बीकरमध्ये सहा-सात टक्के मीठ. शेंगतेलाच्या साबणाला एवढं पुरतं. खोबरेलाला वीस टक्क्यांच्या पुढं जावं लागतं. त्याच बीकरमध्ये आणखी १५ ग्रॅम मीठ घालून गरम करा, बहुतेक सुटेल.

लिटमसचं म्हणाल तर चांगला साबणसुद्धा पाण्यात तांबडा लिटमस निळा करतो. पाण्यात साबण थोडा फुटतो आणि द्रावण अल्कधर्मी होतंच. ती परीक्षा स्पिरिटमध्ये करायची. साबणाचा वाळका कीस कोमट स्पिरिटमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. गुलाबी आलं तर कॉस्टिक मोकळं आहे. स्पिरिट कोमट करायला गरम पाण्याचं भांडं घ्या, आणि आजूबाजूचे सगळे दिवे विझवूनच बाटली उघडा.

मिरज_लॅबवाला
लिंबाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कातडीवर कॉस्टिक पडलं की लिंबू, व्हिनेगर काही लावू नका. उदासिनीकरणाची उष्णता भाजलेल्या जागीच निघते आणि शोधाशोधीत वेळ जातो तो वेगळाच. वाहतं पाणी, १५-२० मिनिटं, घड्याळ लावून. डोळ्यात गेलं तर पाण्याची धार चालू ठेवायची आणि मग थेट दवाखाना. मॅडमनी नळाखाली हात धरला तेच बरोबर.

आमच्याकडं एका बॅचला उघड्या ज्योतीवरचा लगदा उडाला होता. घट्ट लगद्याच्या तळाशी वाफ कोंडते आणि मग एकदम फुस्स करून बाहेर येते. पोराला चष्मा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी बीकर थेट जाळीवर ठेवूच देत नाही. पातेल्यात पाणी उकळायचं, बीकर त्यात. पातेलं ॲल्युमिनियमचं असलं तर कॉस्टिक त्यात सांडता कामा नये, धातू खातं आणि हायड्रोजन निघतो. त्यापेक्षा स्टीलचं घ्या. द्रावण करताना पाण्यात कॉस्टिक, थोडं थोडं. उलटं केलंत तर उकळून अंगावर येतं. बीकर थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, नाहीतर हातात धरवत नाही इतका तापतो.

बचतगट_ताई
बरं मग मीही जरा शहाणी होते. आमच्या गटातली एक बाई कॉस्टिकचा थंड पद्धतीचा साबण करते. ती सहा आठवडे वाळवत ठेवते, म्हणते झोंबणं आपोआप जातं. मॅडमनी वड्या तशाच ठेवल्या तर?

कराडचा_म्हातारा
त्या बाई तेल मुद्दाम जास्त घेत असतील. तिथं कॉस्टिक आधी संपतं आणि वाळवण्यात मुख्यतः पाणी उडतं. इथं कॉस्टिकच दुप्पट आहे. ठेवल्यावर अडकलेलं तेल हळूहळू साबण होईल, तेलकटपणा जाईल, पण उरलेलं कॉस्टिक खायला तेल कुठून येणार? या वड्या वापरू नका.

त्यापेक्षा धुवा. कीस करून ५० मिली गरम पाण्यात विरघळवा, त्याच पाण्याच्या पातेल्यात तासभर ठेवून तेल संपवा, मग ५ ग्रॅम मीठ घालून पुन्हा सोडवा. कॉस्टिक आणि ग्लिसरीन खालच्या खाऱ्या पाण्यात जातं, ते ओतून द्यायचं. पहिल्या वेळी तुम्ही लगदा खालच्या पाण्यासकट उचलला असावा. हे दोनदा करा. नवीन करायचा तर शेंगतेलाला ३० ऐवजी १८ मिलीच द्रावण घ्या, त्यात ३.६ ग्रॅम येतं, आणि सुरुवातीला आधीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका. तेल लवकर फुटतं.

पलूसची_मास्तरीण
काल शाळा सुटल्यावर केलं. सगळ्यांना चष्मे नव्हते, म्हणून पोरांना लांब बसवून मी एकटीनंच.

खोबरेलाच्या पेजेत १५ ग्रॅम मीठ घातलं, दहा मिनिटांत वर पांढरा थर आला! पोरांनी टाळ्या वाजवल्या. थर पातळ आहे, खालचं पाणी अजून दुधाळ दिसतंय.

शेंगतेलाची नवी बॅच १८ मिलीवर केली. २० मिनिटांनी परीक्षानळीत डोळे होते, ४५ मिनिटांनी दोन-तीन, ७० मिनिटांनी एकही नाही. मीठ दोनदा. वडी मऊ आहे, बोटाचा ठसा उमटतो, पण तेलकट नाही. स्पिरिटच्या परीक्षेत मात्र फिकट गुलाबी आलंच. जुनी वडी गडद गुलाबी होती, ही अगदी पुसट. आता हे कॉस्टिक समजू की नको?

कराडचा_म्हातारा
शेंगतेलाचा साबण मऊच असतो, त्याची काळजी नको. वडी ओली असेल तर तिच्यातल्या पाण्यानंही पुसट रंग येऊ शकतो. कीस दोन-तीन दिवस वाळवून पुन्हा बघा.

मिरज_लॅबवाला
सर, मी तरी तिसऱ्यांदा मीठ लावेन. बाटलीतलं स्पिरिट स्वतःच कधी कधी गुलाबी देतं, ते मॅडमनी नुसतं तपासलंय का आधी?

पलूसची_मास्तरीण
नाही तपासलं 😅 सोमवारी नुसत्या स्पिरिटमध्ये थेंब टाकून बघते. तोवर वड्या कपाटात, कुलूप लावून.