घट्ट आंबाडा, वेण्या, फेटा आणि मागे सरकलेली केसांची कड: आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ती
काल जुनी छायाचित्रे लावताना अकरा वर्षांची मी सापडले. नृत्यासाठी आंबाडा इतका घट्ट घातला होता की भुवयाही ताणलेल्या दिसतात. पुढची बारा वर्षे आठवड्यातून पाच दिवस तोच आंबाडा होता. रात्री पिना काढल्यावर कानशिलांना हात लावणे सहन होत नसे आणि तिथे बारीक पुरळ येई. ते घामाचे समजून मी पावडर लावत राहिले. तेविसाव्या वर्षी दोन्ही कानशिलांवर दोन बोटे रुंद पट्टा विरळ झाला, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी ‘ट्रॅक्शन अलोपेशिया’, म्हणजे केस सतत ओढले गेल्याने होणारी गळती, असे निदान केले. आंबाडा सोडल्यावर वर्षभरात उजवी बाजू बरीच भरली, डावी मात्र आजही तशीच आहे. आपल्यापैकी कोणाला हे वेळीच कसे ओळखता आले?

वाचक १
माझ्या मैत्रिणीलाही असेच पुरळ येत असे. तो संसर्ग असतो, म्हणून प्रतिजैविक मलम लावावे आणि रोज तेलाने जोरात मालीश करावे, म्हणजे मुळे बळकट होतात.

त्वचारोग विभागातील परिचारिका
मलमाबाबत आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. पू झाला असेल तर डॉक्टर प्रतिजैविक देतात, पण बहुतेक वेळा ती सूज ओढीमुळेच येते आणि ओढ चालू राहिली तर कोणत्याही मलमाने ती कायमची थांबत नाही. जोरात मालीश केल्याने सुजलेल्या मुळांवर आणखी ताण येतो, म्हणून ते टाळावे. दुखणे आणि पुरळ ही सुरुवातीची खूण आहे. त्या वेळी केस त्याच दिवशी मोकळे केले, तर मुळे सहसा वाचतात. वर्षानुवर्षे ओढ राहिली की मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे केस परत येत नाहीत. धागाकर्तीच्या डाव्या बाजूचे तसेच झाले असावे, पण तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही.

फेटा बांधणारा
माझे वडीलही पुढून विरळ होते, म्हणून मी याला आनुवंशिक टक्कल समजत होतो. माझी केसांची गाठ डोक्यावर पुढच्या बाजूला असे आणि केस ज्या दिशेने ओढले जात, नेमकी तिथली कड मागे गेली. दाढीही वर वळवून घट्ट बांधत असल्याने जबड्याखालीही विरळ पट्टा झाला, तेव्हा शंका आली, कारण आनुवंशिक टक्कल जबड्याखाली पडत नाही. आता गाठ सैल आणि मागे घेतो, फेट्याचा पहिला वेढा केसांना ओढणार नाही असा देतो आणि रात्री केस मोकळे ठेवतो. पहिले तीन महिने काहीच फरक दिसला नाही. आठव्या महिन्यात कपाळावर बोटभर केस आले.

वाचक २
बाळंतपणानंतर माझे केस मूठभर गळत आहेत. मी तर वेणी सैलच घालते, मग हे कशामुळे?

त्वचारोग विभागातील परिचारिका
आपला प्रकार वेगळा वाटतो. बाळंतपणानंतरची गळती सगळ्या डोक्यावर होते आणि बहुतेकींची वर्षभरात भरून येते. ओढीची गळती मात्र जिथे ताण असतो तिथेच होते, आणि पुष्कळदा अगदी पुढच्या कडेला बारीक, आखूड केसांची झालर शिल्लक राहते, कारण ते आखूड केस गाठीत सापडतच नाहीत. झालर नाही, कड सरळ पट्ट्यात मागे सरकते आहे आणि भुवयाही विरळ होत आहेत, असे दिसले तर तो दुसरा, व्रण करणारा आजार असू शकतो. तेव्हा डॉक्टरांकडे लगेच जावे.

एका मुलीची आई
माझ्या मुलीच्या बारीक, घट्ट वेण्यांच्या मुळाशी पांढरे कण दिसले. लिखा समजून मी दोनदा उवांचे औषध लावले. डॉक्टरांनी एक कण बोटांत धरून केसावरून सहज सरकवून दाखवला आणि सांगितले की लीख केसाला चिकटून बसते, हे मात्र ओढीमुळे केसाभोवती झालेले नळीसारखे वेष्टन आहे. वेण्या जाड व सैल केल्यावर ते दिसेनासे झाले. तिला रडवून वेण्या घातल्याचे दिवस आठवले की अजून वाईट वाटते.

धागाकर्ती
मुलीचे वेळीच कळले, हे फार बरे झाले. माझ्या डाव्या कानशिलावरची त्वचा गुळगुळीत आणि चकचकीत आहे, रंध्रे दिसत नाहीत. केस उगवण्याचे औषध मिनॉक्सिडिल सहा महिने लावूनही तिथे काही उगवले नाही. केशरोपण करावे का?

त्वचारोग विभागातील परिचारिका
चकचकीत जागी मूळच उरलेले नसेल, तर मिनॉक्सिडिलला काम करायला काही नसते. ते विरळ पण जिवंत मुळांसाठी असते. रोपणाचा विचार गळती पूर्ण थांबून बराच काळ गेल्यावर करतात, आणि नंतर पुन्हा घट्ट आंबाडा घातला तर लावलेले केसही तसेच ओढले जातात. आपण अजून नृत्य करता का?

धागाकर्ती
होय, शिकवते. आता मानेवर सैल आंबाडा असतो, पण कार्यक्रमाच्या दिवशी कृत्रिम केसांचे वजन येतेच. ते किती वेळ चालेल, हे मला अजून ठरवता आलेले नाही.