मदत हवी आहे : खरेदीखतावर बहिणीची सही नाही

राजापूरकडच्या कलमबागेचं 1998 चं खरेदीखत वाचतोय. लिहून देणार दोघे भाऊ, लिहून घेणार आमचे काका. वर्णनात गट नंबर, ‘पैकी 20 गुंठे’ आणि चतुःसीमा : पूर्वेला पऱ्या, बाकी तिन्ही बाजूंना गडगा. किंमत 60,000 रुपये, रोख पोचल्याची कबुली खतातच. पुढे नेहमीचं वाक्य : ‘मिळकत निर्वेध आहे, कोणाचा हक्क निघाल्यास निवारण आम्ही करू.’

पण वारस फेरफारात त्यांच्या बहिणीचंही नाव आहे. खतावर तिची सही नाही, कुलमुखत्यारपत्राचा उल्लेखही नाही. माझ्या समजुतीने या हमीने भाऊच बांधले जातात, बहिणीचा हिस्सा सुटत नाही. तिने वेगळं हक्कसोडपत्र दिलं असेल तर ते दुय्यम निबंधकांकडच्या सूची दोनमध्ये कोणाच्या नावाने शोधायचं? कोणी असं काढलंय का?