शब्दचर्चा : कैचीच्या मधल्या उभ्या दांड्याला 'खांब' म्हणावं का?

रानवारा : नमस्कार मंडळी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या सुतार आणि वेल्डर लोकांसाठी छपराच्या कैचीवर मराठीत एक टिपण लिहिते आहे. कैची अगदी साधी धरली आहे. दोन तिरपे दांडे वर शेंड्याला मिळतात, खाली एक आडवा त्यांचे पाय बांधतो आणि शेंड्यापासून आडव्याच्या मध्यावर एक उभा उतरतो. तिरप्यांना गावात वासे म्हणतात, आडव्याला कोणी तुळई म्हणतं, कोणी टाय. मधल्या उभ्याला मात्र जो तो 'खांब' म्हणतो. पण कोनांवरून प्रत्येक दांड्यातलं बल काढायला बसलं की या दांड्याचं उत्तर खांबासारखं येतच नाही. मग हाच शब्द ठेवावा, की दुसरा शोधावा?

आर्णीवाला : ताई, अँगलवरून काढाचं असंल तं पन्नास-पन्नास-सहाचा अँगल घ्या, डोळे झाकून. माह्या शेडाले तोच लावला हाय. चाळीसचा घेऊ नका, लचकते.

रानवारा : भाऊ, मी लोखंडी अँगलबद्दल नाही, वाशाच्या चढाच्या कोनाबद्दल विचारते आहे. अर्थात हा घोटाळा टिपणातही होणार, म्हणून तिथे 'चढ' असंच लिहीन.

सुतारपुत्र : मला यात प्रश्नच दिसत नाही. तो खांबच आहे. आढ्याचं ओझं वरून येतं, खांब ते खालच्या तुळईवर आणून ठेवतो. आमच्या जुन्या घरात कवेलूंचं छप्पर आहे आणि मधे असाच उभा आहे. तो काढला तर आढं खाली बसेल. जो पेलतो तो खांब.

निवृत्त मास्तर, पुसद : सुतारपुत्र तुमच्या घराबद्दल बरोबर बोलताहेत, ताईंच्या कैचीबद्दल नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, पण आधी ताईंचा हिशेब करू, म्हणजे फरक आपोआप दिसेल.

आकडे सोपे यावेत म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत २४ फूट आणि मधला चढ ५ फूट घेतो. म्हणजे अर्धी रुंदी १२ फूट, चढ ५ फूट, आणि वाशाची लांबी बरोबर १३ फूट येते. शेंड्यावर ४०० किलो ओझं धरू. दांड्यांचं स्वतःचं वजन सध्या बाजूला ठेवू.

सुरुवात आडव्याच्या मध्यावरून करा, शेंड्यावरून नको. तिथे तीन दांडे येतात, डावीकडचा आडवा, उजवीकडचा आडवा आणि आपला उभा. आडवे फक्त आडवं ओढू शकतात किंवा ढकलू शकतात. उभ्याने तिथे खाली दाबलं तर त्याला वर रेटणारं कोण आहे? कोणीच नाही. वर ओढलं तर खाली ओढणारंही कोणी नाही. म्हणून त्या उभ्यात बल शून्य. शेंड्यावर ४०० ठेवा की ४०००, उभा रिकामाच.

आता शेंडा. उभा काहीच उचलत नाही, तेव्हा ४०० किलो दोन वाशांनाच पेलायचे आहेत, प्रत्येकी २०० उभ्या दिशेने. पण वासा तिरपा आहे. त्याच्या बलाचा फक्त पाच तेरांश भाग उभ्या दिशेला उपयोगी पडतो, कारण १३ फूट लांबीत तो ५ फूटच चढतो. यालाच चढाच्या कोनाचा साइन म्हणतात. २०० ला पाच तेरांशाने भागलं की ५२० किलो. वाशात ५२० किलोचा दाब.

तोच वासा खाली भिंतीवर उतरतो. तिथे त्याचा उभा भाग २०० किलो, तो भिंत घेते. आडवा भाग ५२० चा बारा तेरांश, म्हणजे ४८० किलो. हा भिंतीला बाहेर लोटतो. आडवा दांडा हीच ४८० किलोची लोट ओढून धरतो. म्हणजे वाशात दाब, आडव्यात ओढ, उभ्यात काही नाही.

रानवारा : मास्तर, हेच मला हवं होतं. म्हणजे 'खांब' हा शब्द वाचून कोणी भलत्याच ठिकाणी जाड लाकूड घालेल.

निवृत्त मास्तर, पुसद : घालतातच. मधे जाड सागवानी उभा आणि आडव्याला दोन तुकडे जोडलेली पट्टी, असं मी पाहिलेलं आहे. त्यात चढ कमी केला की आणखी अवघड. २४ फुटांवर चढ ५ ऐवजी अडीच फूट ठेवला तर पत्रा थोडा वाचतो, पण आडव्यातली ओढ ४८० वरून ९६० किलो होते. ओझं तेच आहे, फक्त कोन बसका झाला. असा सांधा सुटायला लागला की वाशाचा पाय बाहेर सरकतो, भिंतीचा माथा बाहेर कलतो आणि वरच्या थरात आडवी चीर दिसते. ही चीर पायाशी नसते, माथ्याजवळ असते, म्हणून लोक पावसाला दोष देतात.

सुतारपुत्र : हिशेब पटला. पण मग आमच्या घरातला उभा का पेलतो? तोही तुळईवरच उभा आहे.

निवृत्त मास्तर, पुसद : कारण तुमच्याकडे कैची नाही. तुमच्याकडे जाड तुळई आहे, तिच्यावर मेढ आहे, मेढीवर आढं आहे आणि वासे आढ्यावर नुसते टेकलेले आहेत. वाशांचे पाय तुळईत अडकवलेले नसतील. तिथे ओझं खरोखर मेढीतून खाली येतं आणि तुळई मधे वाकून ते भिंतींना देते. म्हणून ती तुळई हातभर जाड असते. कैचीतला आडवा ओढला जातो, वाकवला जात नाही, म्हणून तो बारीक चालतो. तुमच्या मेढीला खांब म्हणा, शंभर टक्के बरोबर.

ओळखायची खूण सांगतो. वाशाचा पाय आडव्यात खाच पाडून किंवा बोल्टने पक्का केला आहे का आणि वर दोन्ही वासे एकमेकांना भिडून अडले आहेत का, ते पाहा. दोन्ही असेल तर कैची. नसेल तर मेढ आणि तुळई.

आर्णीवाला : मास्तर, मंग माही गोष्ट सांगतो. शेड लोखंडाचं हाय, पण त्याच्या बाजूचा जुना गोठा लाकडी कैचीचा हाय. आडव्याच्या मधोमध काटा टांगला, त्यावर सोयाबीनचे पोते मोजतो. आता मधल्या खांबाच्या बुडाशी फट पडली, नख जाते आत. खांब आखूड झाला का? खाली पाचर ठोकू का?

सुतारपुत्र : पाचर ठोका, घट्ट बसेल. लाकूड सुकलं की आखडतं.

निवृत्त मास्तर, पुसद : थांबा भाऊ, पाचर नको. काटा आडव्याच्या मध्यावर टांगला म्हटल्यावर हिशेब बदलला. आता त्या सांध्यावर खाली ओढणारं काहीतरी आलं. एका क्विंटलचं पोतं लावलं तर ते १०० किलो वर नेणारा दांडा एकच, तुमचा मधला उभा. तो आता शून्यावर नाही, त्यात १०० किलोची ओढ आहे. तो आडव्यावर उभा नाही, आडवा त्याला लोंबतो आहे. पुढे हे १०० किलो शेंड्याला जातात, शेंड्यावर ४०० चे ५०० होतात, वाशात ५२० चे ६५० आणि आडव्यात ४८० चे ६००.

सुताराने त्याला खांब समजून बुडाला नुसतं खाचेत बसवून वरून खिळे मारले असणार. दाबाला तो सांधा चालतो, ओढीला सुटतो. पाचर मारली तर फट बुजलेली दिसेल, ओढ धरायला मात्र काहीच नसेल. लोखंडी पट्टी इंग्रजी यूसारखी वाकवून आडव्याच्या खालून घ्या आणि तिचे दोन्ही कान उभ्याला आरपार बोल्टने बांधा.

सुकण्याचा मुद्दा अगदीच सोडून देऊ नका. काटा रिकामा असताना फट बघा आणि पोतं लावल्यावर बघा. रुंदावली तर ओढीची आहे. तेवढीच राहिली तर लाकूड आखडलं असू शकतं. तोवर पोतं तिथे टांगू नका.

आर्णीवाला : पाह्यलं. पोतं चढवलं का फट वाढते, उतरवलं का कमी होते. काटा सध्या काढला.

रानवारा : मग माझा शब्द ठरला. टिपणात 'लोंबता दांडा' लिहिते. वाशाला 'दाबदांडा' आणि आडव्याला 'ओढदांडा'. नावातच काम कळेल.

सुतारपुत्र : 'लोंबता' म्हटलं की पोरं म्हणतील सैल आहे, हलतो. 'टांगदांडा' कसं?

वर्धेची वेल्डर : मी टिनाची शेडं करते, म्हणून 'ओढदांडा' या नावाबद्दल बोलते. कवेलूचं छप्पर जड, ते वाऱ्याला दबत नाही. टिन हलकं. उन्हाळ्यात वावधान सुटलं आणि शेड एका बाजूने उघडं असलं की वारा आत शिरून छप्पर वर उचलतो. वारा छपराच्या वजनाहून जास्त उचलू लागला की सगळं उलटं होतं. वाशात ओढ येते आणि आडव्यात दाब. गावात कोणी कोणी आडव्याच्या जागी बारीक सळई टाकतात, कारण 'तो तर नुसता ओढला जातो'. ओढीला सळई चालते, दाबाला ती कमानीसारखी वाकते. वादळानंतर टिन जागेवर आणि आडवी सळई मधे बाहेर आलेली, असं शेड दिसलं तर हेच झालेलं असतं. म्हणून मी आडव्याला अँगलच लावते. नाव 'ओढदांडा' पडलं तर लोक सळईच टाकतील.

निवृत्त मास्तर, पुसद : मुद्दा बरोबर आहे. हिशेब तोच राहतो, फक्त ४०० किलोच्या पुढे उणे चिन्ह येतं आणि प्रत्येक दांड्यातलं बल उलटतं. शिवाय मी सगळं ओझं सांध्यांवर धरलं आहे. टिनाखालच्या पट्ट्या वाशाच्या मधे कुठेही ठेवल्या तर वासा दाबाबरोबर वाकतोही, आणि हा कोनांचा हिशेब ते वाकणं सांगत नाही. ताई, एवढं टिपणात नक्की घाला.

रानवारा : घालते. मग कामावरून नावं न देता जागेवरून देऊ का? 'वासा', 'तळआडवा', 'मधला उभा'. आणि प्रत्येकापुढे दोन रकाने, एक ओझ्याचा, एक वावधानाचा.

सुतारपुत्र : 'तळआडवा' आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. 'मधला उभा' चालेल. पण माझ्या घरातल्या मेढीलाही लोक 'मधला उभा'च म्हणतील, मग दोघांतला फरक कुठे राहिला?

वर्धेची वेल्डर : आडव्याला सरळ 'टाय' ठेवा, दुकानात तेच मागतात. मधल्याचं मला सुचत नाही. भंडाऱ्याकडे काय म्हणतात, कोणाला माहीत आहे का?