निवृत्तीचा मेल: सहकाऱ्यांना आणि ग्राहकांना एकच चालेल का?

तळमजला: विक्री विभागातले आमचे एक ज्येष्ठ सहकारी दोन महिन्यांनी निवृत्त होताहेत. त्यांच्याकडे २२ ग्राहक आहेत, त्यातले ५ मोठे. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकच मेल टाकायचा, त्यात आभार, नव्या माणसाचं नाव आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर, असा त्यांचा बेत आहे. मला पटत नाही, पण का ते नेमकं सांगता येत नाहीये.

सावली_क: मेल दोन हवेत. सहकाऱ्यांच्या मेलमध्ये मन मोकळं करावं, तिथे ते शोभतं. ग्राहक मात्र पहिल्या ओळीपासून एकच शोधतो: उद्या माझी ऑर्डर कोण बघणार? त्यामुळे त्याचा मेल पाचसहा ओळींचाच असावा. "मी अमुक तारखेला निवृत्त होतोय. तुमचं काम यापुढे अमुक बघतील, ते या मेलच्या सीसीत आहेत. चालू ऑर्डर आणि बाकी राहिलेली तक्रार त्यांना समजावून दिली आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं भेटायला येतो." मग आभाराचं एक वाक्य. प्रत्येकाला वेगळा मेल पाठवा. एकाच मेलमध्ये २२ पत्ते घातले तर सगळे ग्राहक एकमेकांना दिसतात. बीसीसीत घातले तर ते परिपत्रक वाटतं.

आणि शेवटच्या दिवशी नाही, सहा आठवडे आधी. सकाळी सहकाऱ्यांना सांगा, लगेच पाच मोठ्यांना फोन, त्याच दिवशी सगळ्यांना मेल. मोठ्या ग्राहकाला ही बातमी दुसऱ्याकडून कळली, तर पुढचं कितीही गोड लिहा, उपयोग नाही.

नाना_व्यवहारी: सहा आठवडे म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना आमंत्रणच. ग्राहक म्हणतो, नवा माणूस येऊ दे, मग बघू, आणि ऑर्डर अडकते. दोन आठवडे पुष्कळ झाले.

सावली_क: लहान १७ जणांपुरतं मान्य, त्यांना दोन आठवडे चालतील. पण मोठ्यांकडे तीन भेटी लागतात. पहिलीत जुन्यांनी बोलायचं. दुसरीत नव्याने बोलायचं आणि जुन्यांनी गप्प बसायचं. तिसरीला जुन्यांनी जायचंच नाही. घोळ दुसऱ्या भेटीत होतो: ग्राहक सवयीने जुन्यांकडे बघून विचारतो आणि तेही सवयीने उत्तर देऊन मोकळे होतात. हे दोन आठवड्यांत दिसलं तरी दुरुस्त करायला वेळ कुठे?

पारिजात: निरोपाचं भाषण तीन मिनिटांच्या वर नको. आमच्याकडे एकांनी पाऊण तास घेतला होता.

तळमजला: भाषणाचा प्रश्न नाहीये हो, मेलचा आहे.

जुनी_वही: मेलपेक्षा मोठी गोष्ट राहतेय: तोंडी शब्द. समजा करारात ३० दिवसांत पैसे द्यायचे आहेत, पण यांनी एका ग्राहकाला "४५ झाले तरी चालतील" असं सांगितलंय. नवा माणूस ३१व्या दिवशी नियमाप्रमाणे स्मरणपत्र धाडतो आणि ग्राहक म्हणतो, माणूस बदलला तशी नियतही बदलली. म्हणून प्रत्येक ग्राहकामागे एक पान लिहून घ्या: ऑर्डर कोण देतं, खरा निर्णय कोणाचा, तोंडी सवलत कोणती, कुठली तक्रार अजून मिटलेली नाही. आणि सवलत नुसती लिहून थांबू नका. एकतर वरिष्ठांची लेखी मंजुरी घ्या, नाहीतर जाणाऱ्याने स्वतः ग्राहकाला सांगून ती मागे घ्यावी. ते कटू काम नव्याच्या गळ्यात मारू नये. मेल त्यानंतरच.

नाना_व्यवहारी: हे मात्र सोळा आणे खरं. पण मोबाइल नंबर द्यायलाच हवा. इतक्या वर्षांचे संबंध, निवृत्त झाला म्हणजे काय माणुसकी संपली?

जुनी_वही: सहकाऱ्यांच्या मेलमध्ये खुशाल द्या. ग्राहकाच्या मेलमध्ये दिलात तर पहिली अडचण आली की तो नव्याला टाळून तिथेच फोन लावणार. आणि ज्यांच्याकडे किमती ठरवायचा अधिकारच उरलेला नाही, ते काय उत्तर देणार?

सावली_क: नंबर न देऊनही भागणार नाही. बऱ्याच ऑर्डरी त्यांच्या खासगी व्हॉट्सॲपवरच येत असतील. कंपनीचा मेल बंद होतो, तो नंबर चालूच राहतो. आजपासूनच प्रत्येक ग्राहकासोबत नव्याला घेऊन तिघांचा ग्रुप करा. खासगी नंबरवर ऑर्डर आली तर ती ग्रुपमध्ये टाकून उत्तर तिथेच, नव्यानेच द्यायचं. शेवटच्या दिवशी जुन्यांनी ग्रुप सोडायचा.

नाना_व्यवहारी: बावीस ग्रुप! नवा माणूस काम कधी करणार?

तळमजला: पाच मोठ्यांचे आजच करतो. सतरांचं त्यांना विचारून बघतो. तोंडी सवलतींचं विचारलं, तर "तसं काही नाही" म्हणाले, आणि मग दोन नावं आठवली.

जुनी_वही: दोनच? गेल्या वर्षभराची बिलं आणि पैसे आल्याच्या तारखा समोर ठेवून पुन्हा विचारा.