हॉल रद्द केला, भाड्याबरोबर डिपॉझिटही गेलं. हे चालतं का?

बी विंग, तिसरा मजला:
मुलीच्या साखरपुड्यासाठी सोसायटीचा हॉल घेतला होता. भाडं ४,०००, डिपॉझिट ५,०००. सासरे गेले, म्हणून सहा दिवस आधी रद्द केला. फलकावर लिहिलंय की सात दिवसांच्या आत रद्द केल्यास पैसे परत नाहीत. समितीने सगळे ९,००० ठेवून घेतले. वर त्याच तारखेला दुसऱ्या सभासदाला पूर्ण भाडं घेऊन हॉल दिला. हे बरोबर आहे का?

खजिनदार काका:
तुमच्या घरच्या दुःखाबद्दल वाईट वाटलं. पण मी आमच्या सोसायटीचे हिशेब बघतो, दुसरी बाजू सांगतो. लग्नसराईत लोक दोन-दोन तारखा अडवून ठेवतात आणि मंगल कार्यालय मिळालं की आदल्या आठवड्यात आमची तारीख सोडतात. तोवर ज्यांना खरंच हवी होती, त्यांनी दुसरीकडे सोय केलेली असते. नियम कडक केल्यावर हे थांबलं. एकाला सूट दिली की पुढच्या महिन्यात चौघे कारणं घेऊन दारात उभे.

जुना सचिव:
काका, भाड्यापुरतं तुमचं म्हणणं समजू शकतो. डिपॉझिटचं काय? ते मोडतोड आणि साफसफाईसाठी असतं. हॉलचं कुलूपच उघडलं नाही, तर कापायचं कशापोटी? आमच्याकडे डिपॉझिट ताळेबंदात देणं म्हणूनच दिसायचं, उत्पन्नात कधीच नाही. ते ५,००० पूर्ण परत मिळायला हवेत.

आता भाडं. करार कायद्याचं कलम ७४ साधारण असं सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. इथे तारीख पुन्हा भरली, म्हणजे सोसायटीला एका दिवसाचं भाडं दोनदा मिळालं. नुकसान कुठे आहे? फार तर पावती-नोंदीच्या कामाचे चार-पाचशे कापा.

बी विंग, एक तपासा. हे दर आणि अटी सर्वसाधारण सभेत ठराव करून मंजूर झाल्यात, की समितीने परस्पर फलकावर लावल्यात? इतिवृत्ताची प्रत मागा. नुसत्या फलकाच्या भरवशावर समितीची बाजू बरीच लंगडी पडते.

चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू:
आमच्याकडे तर भाडेकरूंना दुप्पट दर लावतात! मेंटेनन्स शेवटी आमच्याच खिशातून जातो ना?

जुना सचिव:
तो वेगळा विषय आहे. सोसायटीचे सभासद तुमचे घरमालक, त्यांच्या नावाने बुकिंग होतं का ते विचारून बघा.

रोखठोक:
अर्जबिर्ज कशाला? सोसायटीला सभासदाकडून हॉलचं भाडं घेण्याचाच अधिकार नाही, मालमत्ता सगळ्यांची आहे. थेट उपनिबंधकांकडे तक्रार ठोका.

जुना सचिव:
मालमत्ता सगळ्यांची म्हणूनच वापरणाऱ्याने वीज-पाण्याचा आणि झाडलोटीचा खर्च द्यायचा. सभेने दर ठरवला तर भाडं घेता येतं. आणि आधी समितीकडे लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. उत्तर आलं नाही तर पुढचं बघू. नऊ हजारांसाठी सहकार न्यायालयाची पायरी चढण्यात वर्षं जातात.

मेधा, ए-५०२:
हॉल वापरूनही डिपॉझिट गेलेली मी. वाढदिवसाला फुगे चिकटवले, टेपने रंग निघाला म्हणून १,२०० कापले. रंग आधीच पोपडे धरून होता, पण सिद्ध कसं करणार? किल्ली घेताना मीही भिंतीचा फोटो काढला नव्हता आणि त्यांनीही नाही.

खजिनदार काका:
म्हणून आम्ही किल्ली देताना आणि घेताना वॉचमनसमोर फोटो काढतो, एका कागदावर दोघांच्या सह्या घेतो. खुर्च्या मोजायच्या, भिंती आणि बेसिन बघायचं. आमचा सर्वांत मोठा ताप बेसिनचा. केटररची माणसं उरलेला भात त्यात ओततात, पाइप तुंबतो आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं, तोवर डिपॉझिट देऊन झालेलं. आता सकाळी दहाला पाणी सोडून बघितल्याशिवाय डिपॉझिट देत नाही. तेलकट फरशीसाठी वेगळी रक्कम आधीच पावतीवर छापलीय, त्यामुळे नंतर घासाघीस होत नाही.

मेधा, ए-५०२:
हे चांगलं आहे. पण फरशी स्वतः पुसून दिली तरी झाडलोटीचे पैसे घेता का?

खजिनदार काका:
घेतो. बाई लावून केलेली सफाई आणि पाहुण्यांनी निघता निघता मारलेला पोछा यात फरक असतो.

मेधा, ए-५०२:
मग पर्याय आहे असं नियमात लिहू नका. आमच्याकडे लिहिलंय, ‘स्वतः स्वच्छ केल्यास शुल्क नाही’, आणि तरी कापतात.

बी विंग, तिसरा मजला:
सचिव, इतिवृत्त मागितलं. दर सभेत मंजूर आहेत, पण रद्द करण्याची अट कुठेच नाही. डिपॉझिट परत द्यायला अध्यक्ष तयार झालेत. भाड्याबद्दल म्हणतात, पुढच्या सभेत विषय घेऊ.

खजिनदार काका:
डिपॉझिटबाबत सचिवांचं पटलं. भाड्याचं मात्र अजून पटत नाही. दुसरा सभासद मिळाला हे नशीब. नसता मिळाला तर तुम्ही ४,००० सोडले असते का?

बी विंग, तिसरा मजला:
हो, तेव्हा मागितलेच नसते. अर्जातही मी तेच लिहिलंय: तारीख पुन्हा भरली तरच भाडं परत, नाहीतर नाही.