कावड दिसली की श्रावणबाळच?

अंबडकर: आमच्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत एक चित्ररथ होता. निळा रंग फासलेला पोरगा, धोतर, खांद्यावर कावड, मागं रांजण. फलक मात्र ‘नाथाघरी बारा वर्षे पाणी’. श्रावणबाळाच्या रथाला दुसऱ्याचाच फलक! मंडळांना एवढंही जमत नाही?

गोदाकाठची: फलक बरोबर आहे, बघणारे चुकलेत. कावड दिसली की श्रावणबाळ म्हणून मोकळं व्हायचं, याचा मला भयंकर राग येतो. कावडीला लटकत काय होतं? श्रावणबाळ असेल तर टोपल्या आणि त्यांत आंधळे आईबाप. ते नसतील तर श्रावणबाळ नाही. हा श्रीखंड्या. द्वारकेचा कृष्ण गडी होऊन पैठणला एकनाथांच्या वाड्यात राहिला, गोदावरीचं पाणी वाहिलं, पूजेचं गंध उगाळलं. तो रांजण आजही नाथषष्ठीच्या आधी भरतात. पायाशी सहाण आणि चंदनाचं खोड आहे का बघा.

अंबडकर: फोटो परत बघितला. तांब्याच्या घागरी आहेत. गोल चपटा दगडही आहे, खोड दिसत नाही.

बीडचा वारकरी: फलकावर नाथ आहेत तर नाथच की! काशीची गंगा रामेश्वराला नेताना कावड त्यांच्याच खांद्यावर होती.

गोदाकाठची: आणि ते पाणी पाजलं कुणाला? तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला. गाढवाशिवाय तो देखावा कुणी करत नाही. शिवाय नाथांना पागोटं असतं, निळा रंग नसतो.

परभणीचा मामा: रंगाचं नाव काढू नका. माझ्या भाच्याला असंच उभं केलं होतं. सजावटवाल्यानं कसला रंग फासला देव जाणे, पोराचं तोंड सुजलं, आठ दिवस शाळा बुडली.

बीडचा वारकरी: मुळात श्रीखंड्याला निळा करायचाच कशाला? बारा वर्षं घरात वावरला तरी खुद्द नाथांनी ओळखलं नाही. द्वारकेहून ब्राह्मण शोधत आला तेव्हा उलगडा झाला, तोवर देव गुप्त झालेला. निळा, मोरपीस खोचलेला गडी पहिल्याच दिवशी ओळखू आला असता. तुम्ही रंगावरून ओळखता म्हणजे कथाच मोडता!

गोदाकाठची: मी घागरी, रांजण आणि सहाणेवरून ओळखलं, नीट वाचा. पण साध्या गड्याचा वेश दिला तर रस्त्यावरचा माणूस ‘कुणीतरी पाणक्या’ म्हणून पुढं जाईल. रथ समोर असतो किती वेळ?

बीडचा वारकरी: मग नाथांना शेजारी पूजेला बसवा, दारात ब्राह्मण उभा करा. कळतं सगळं. पोराला रंग फासायची गरज नाही.

परभणीचा मामा: हेच म्हणतोय मी!

गोदाकाठची: ब्राह्मणाचं मान्य. पण ट्रॉलीवर रांजण ठेवल्यावर तिघांना जागा कुठून आणणार, तेही सांगा.

अंबडकर: बरं बाई, श्रीखंड्या तर श्रीखंड्या. पण सहाण ठेवून खोड न ठेवणाऱ्या मंडळाला मी बोलणारच.